नकार, पण नेमका

पन्हाळ्यावर राहणाऱ्या एखाद्या डिप्लोमाधारक मुलीला पुण्यातल्या कारखान्याचं नियुक्तिपत्र येतं आणि नेमके तेव्हाच वडील आजारी असतात. अशा वेळी मुदत संपेपर्यंत गप्प बसणं सर्वांत वाईट. प्रतीक्षायादीतला पुढचा उमेदवार तोवर दुसरीकडे रुजू झालेला असतो. आधी फोन करावा, मग त्याच दिवशी चार ओळींचा मेल: मुलाखत घेणाऱ्यांचे नावानिशी आभार, स्पष्ट नकार आणि एकच खरं कारण. ‘सध्या जमेलसं वाटत नाही’ असं मोघम लिहिलं, तर पगार वाढवून हवाय असा समज होतो. पुढची वाटही नेमकीच सांगावी: ‘जूननंतर आपल्या शिरोलीच्या युनिटमध्ये जागा निघाली, तर मला जरूर कळवावं.’ जूननंतर तिनं त्याच मेलला उत्तर म्हणून चौकशी केली, की समोरच्याला जुना संदर्भ शोधत बसावं लागत नाही.