ट्रेनिंगच्या आधी फेरिटिन: व्यायाम सुरू करणाऱ्या बायकांना तातडीचं आवाहन

येत्या सोमवारपासून जिम, रनिंग ग्रुप किंवा झुंबाचा क्लास सुरू करणार असाल, तर त्याआधी एक काम उरकून घ्या. रक्त द्या, आणि चिठ्ठीवर फेरिटिन लिहिलंय ना ते पाहून द्या. पावसाळा लागला की आमच्या साताऱ्यात पहाटे पळणाऱ्यांची संख्या वाढते. सप्टेंबरात इथली हिल मॅरेथॉन असते, जानेवारीत मुंबईची. पहिल्यांदाच बूट घेतलेल्या कितीतरी बायका याच दिवसांत सुरुवात करतात. म्हणून हे आत्ताच लिहितेय.

निमित्त माझ्या एका पेशंटच्या पत्राचं. तिच्या परवानगीने त्यातला भाग देते:

"डॉक्टर, वय एक्केचाळीस, काम खुर्चीतलं, हे तुम्हाला माहीतच आहे. पुढच्या महिन्यापासून आठवड्यातून चार दिवस पळायचं ठरवलंय. ट्रेनर म्हणाले, आधी फुल बॉडी चेकअप करून या. लॅबच्या कागदावर एकोणनव्वद तपासण्या आहेत. त्यातल्या मला खरंच कुठल्या लागतात? मैत्रीण म्हणते, रक्ताची गोळी आजपासूनच सुरू कर, त्यात काय वाईट आहे? आणि एक सांगायचं राहिलं. हल्ली दोन जिने चढले की धाप लागते. वजनामुळेच असेल."

या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट, ती धाप, शेवटी आली आहे, आणि ती तिने 'सांगायचं राहिलं' म्हणून लिहिलीय. धाप वजनाने लागू शकते, तशी ती रक्त कमी असल्यानेही लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या निघाल्या. हा आकडाही फक्त हिमोग्लोबिनवर काढलेला आहे. हिमोग्लोबिन ठीक पण अंगात लोह नाही, अशा बायका त्यात धरलेल्याच नाहीत.

हिमोग्लोबिन म्हणजे ताटातली भाकरी आणि फेरिटिन म्हणजे कणगीतली ज्वारी. कणगी तळाला गेली तरी काही दिवस ताटात भाकरी येत राहते. शरीर आधी साठा वापरतं, तो संपल्यावरच हिमोग्लोबिन घसरायला लागतं. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात. फेरिटिन 15 च्या खाली म्हणजे साठा संपला, ही जागतिक आरोग्य संघटनेची रेघ. पाळी चालू असलेल्या आणि पळायला निघालेल्या बाईचं फेरिटिन 30 च्या खाली असेल, तर मी स्वतः ते कमीच धरते.

एकोणनव्वद तपासण्यांच्या त्या कागदावर सीरम आयर्न होतं, फेरिटिन नव्हतं. अशी पॅकेजं मी नेहमी पाहते. सीरम आयर्न सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं येतं. आदल्या दिवशी लोहाची गोळी घेतली असेल तर ते चांगलंच वर दिसतं, आणि बाई समाधानाने घरी जाते. म्हणून मैत्रिणीचा सल्ला निदान रक्त देईपर्यंत बाजूला ठेवा. फेरिटिनलाही एक खोड आहे. ताप, खोकला, लघवीचा संसर्ग, कुठलाही दाह अंगात असला की ते उगाच वाढतं. नुकताच ताप येऊन गेला असेल तर दोनेक आठवडे थांबा. कमी आलेल्या फेरिटिनवर मात्र विश्वास ठेवायला हरकत नाही.

आता 'आधी' या शब्दावर मी एवढी का अडून बसलेय ते सांगते. नियमित पळायला लागलं की रक्तातला पाण्याचा भाग वाढतो. तांबड्या पेशी तेवढ्याच राहिल्या तरी हिमोग्लोबिनचा आकडा थोडा खाली येतो. हा आजार नाही, पण सुरुवातीचा आकडा हातात नसेल तर ही घसरण पाण्यामुळे झाली की लोह संपल्यामुळे, हे ओळखणं अवघड जातं. दुसरं, सवय नसताना जोरात स्क्वॉट्स मारले की स्नायूंतली एन्झाइम्स रक्तात उतरतात. लिव्हरच्या रिपोर्टमधली एसजीओटी आणि एसजीपीटी ही दोन एन्झाइम्स स्नायूंतही असतात. जिमच्या पहिल्या आठवड्यात, मांड्या ठणकत असताना रक्त दिलं की 'लिव्हर बिघडलं' म्हणून घाबरलेली माणसं दवाखान्यात येतात. व्यायाम सुरू झालाच असेल तर निदान आठवडाभर जड व्यायाम बंद ठेवून मग रक्त द्या.

तिला मी लिहून दिलेली यादी छोटी होती. सीबीसी, फेरिटिन, टीएसएच, उपाशीपोटी साखर आणि एचबीए1सी. ती शाकाहारी आहे म्हणून बी12. वडिलांना बीपी आणि किडनीचा त्रास होता, शिवाय ट्रेनर प्रोटीन पावडर आणि क्रिएटिन सुचवणार हे उघड होतं, म्हणून क्रिएटिनिनही. क्रिएटिनचा डबा उघडल्यावर हा आकडा किडनी ठणठणीत असतानाही वाढू शकतो, त्यामुळे तो आधीचाच हवा. थायरॉइडबद्दल एक सूचना केली: केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर दोन-तीन दिवस आधी बंद करा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटंच कमी दिसतं.

कागदावरच्या बाकीच्या तपासण्या मी खोडल्या. त्यातली एक सीए-125 होती, कॅन्सरची खूण म्हणून दिलेली. पाळीच्या दिवसांत किंवा नुसता फायब्रॉइड असला तरी ती वाढते. निरोगी बाईला त्यातून मिळतात फक्त दोन-तीन रात्रींची जागरणं आणि पुढच्या सोनोग्राफ्यांचा खर्च.

तिचा रिपोर्ट असा आला. हिमोग्लोबिन 12.1, म्हणजे रेघेच्या वर. लॅबने तिथे काहीच ठळक केलं नव्हतं. पण पेशींचा आकार, म्हणजे एमसीव्ही, 79 होता आणि आरडीडब्ल्यू 16. पेशी लहान आणि एकसारख्या नाहीत. फेरिटिन 8. टीएसएच, बी12, क्रिएटिनिन ठीक. उपाशीपोटी साखर 91, तरी एचबीए1सी 5.9. म्हणजे एका कागदावर साखर चांगली आणि दुसऱ्यावर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. लोहाची कमतरता असली की एचबीए1सी खोटा वाढू शकतो, त्यामुळे तिच्यावर मी कुठलाही शिक्का मारला नाही. लोह भरून आल्यावर ती तपासणी पुन्हा करायची ठरलं.

मग खरा प्रश्न विचारला: पाळीत किती जातं? 'नॉर्मल' असं उत्तर आलं. जवळजवळ प्रत्येक बाई हेच उत्तर देते, कारण आईचं, बहिणीचं तसंच असतं. पॅड दोन तासांनी बदलावं लागतं का? रात्री उठावं लागतं का? मोठ्या गाठी पडतात का? सात दिवसांपेक्षा जास्त चालतं का? यातल्या तीन प्रश्नांना हो. सोनोग्राफीत फायब्रॉइड निघाला. नुसती गोळी देऊन पाठवली असती तर वर ओतायचं आणि खालून गळत राहायचं, असं वर्षानुवर्षं चाललं असतं. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, रक्तस्रावावर औषध सुरू झालं.

लोहाची गोळी मी तिला एक दिवसाआड दिली. रोज घेतलेल्या गोळीमुळे शरीरात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं लोह कमी शोषलं जातं. जोरात पळल्यानंतरही तेच संप्रेरक काही तास चढलेलं असतं, म्हणून गोळी पळून आल्यावर दुपारी उशिरा घेण्यापेक्षा सकाळी घ्यावी. लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा आधी आणि नंतर तासभर दूर ठेवा. शौचाचा रंग काळा होतो, घाबरू नका. लोह भरून येईपर्यंत पळणं नको, भरभर चालणं चालेल, पण बोलता येईल इतपतच वेगाने. तीन महिन्यांनी पुन्हा फेरिटिन. जिन्यांची धाप मात्र महिन्याभरातच कमी झाली, वजन तेवढंच असताना.

प्रत्येकीचा रिपोर्ट असाच येईल असं नाही. पेशी लहान पण फेरिटिन भरपूर, असं दिसलं तर लोह देऊ नये. ते थॅलेसेमियाचं वाहकपण असू शकतं, त्यासाठी हिमोग्लोबिनची एचपीएलसी ही वेगळी तपासणी लागते. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या मैत्रिणींनो, तुमच्याकडे सिकलसेलची तपासणी कधीच झाली नसेल तर याच वेळी करून घ्या. सिकलसेलची वाहक असलेल्या बाईने व्यायाम जरूर करावा, पण उन्हात, पाण्याशिवाय, पहिल्याच दिवशी जीव तोडून पळणं तिच्या जिवावर बेतू शकतं.

आणि रक्ताच्या रिपोर्टवरून हृदयाचा अंदाज बांधू नका. चालताना छातीत दाब येतो, चक्कर येऊन पडायला होतं, घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलेलं आहे, यातलं काहीही असेल तर सगळं रक्त उत्तम असूनही आधी बीपी, ईसीजी आणि डॉक्टरांची तपासणी. पाळी चुकली असेल तर लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट सगळ्यात आधी.

म्हणून ही विनंती. बायांनो, पॅकेजचे पैसे भरण्याआधी फॅमिली डॉक्टरांना असं एक पत्र लिहा, आणि त्यात धाप, पाळी, चालू गोळ्या, घरातले आजार हे सगळं लिहा. 'राहिलं' म्हणून शेवटी टाकू नका. ट्रेनर मंडळींनो, नवीन बाईकडे रिपोर्टची फाइल मागण्याआधी तिला जिन्याबद्दल आणि पाळीबद्दल विचारा. विचारायला संकोच वाटत असेल तर छापील कागद भरून घ्या. आणि माझ्या डॉक्टर सहकाऱ्यांनो, हिमोग्लोबिन 12 च्या वर दिसलं की आपला हात सहीकडे जातो. त्या सहीच्या वर एक ओळ फेरिटिनची लिहा.