"दर १५ मिनिटांनी बस" आहे, मग आपण थांब्यावर एवढा वेळ का उभे?

मंडळी, आपल्या सिटी बसचा विषय काढला की ठरलेलं उत्तर मिळतं, "दर १५ मिनिटांनी गाडी आहे, अजून काय पाहिजे?" तासाला चार फेऱ्या होतात, कबूल. पण फेऱ्या मोजल्या म्हणजे थांब्यावरच्या माणसाचा वेळ मोजला असं होत नाही.

गाड्या अगदी वेळेवर आल्या, तरी वेळापत्रक न बघता येणाऱ्याला कधी लगेच गाडी मिळते, कधी पूर्ण १५ मिनिटं थांबावं लागतं. सरासरी साडेसात मिनिटं. म्हणजे गाडीतला २० मिनिटांचा प्रवास इथंच साडेसत्तावीसवर गेला. मध्ये गाडी बदलायची असेल तर पस्तीसवर. घरापासूनची पायपीट वेगळीच.

आणि हा झाला चांगला दिवस. रोज काय होतं? एक गाडी फाटकाशी किंवा बाजारात अडकते. तिला उशीर झाला की पुढच्या थांब्यांवर गर्दी साठते, चढ-उताराला वेळ लागतो, ती आणखी मागे पडते. मागच्या गाडीला माणसंच उरत नाहीत, म्हणून ती धावत येऊन हिला गाठते. मग २५ मिनिटं काहीच नाही आणि पाठोपाठ दोन गाड्या!

आता हिशोब बघा. समजा अंतर २५, ५, २५, ५ मिनिटं असं पडलं. तासाला गाड्या चारच, कागदावर सरासरी १५ मिनिटंच. पण मिनिटाला एक याप्रमाणे ६० माणसं थांब्यावर आली, तर त्यातली ५० त्या लांबलचक खंडात सापडतात आणि सरासरी साडेबारा मिनिटं थांबतात. उरलेली १० अडीच मिनिटं थांबतात. सगळ्यांची सरासरी जवळपास ११ मिनिटं. एकही फेरी रद्द न होता थांबणं साडेसातवरून अकरावर गेलं!

शिवाय ज्याला दहाच्या ठोक्याला कामावर हजर व्हायचंय, तो सरासरीवर विसंबत नाही. तो २५ मिनिटं धरूनच निघतो. २० मिनिटांच्या प्रवासाला पाऊण तास. मग माणूस कर्ज काढून दुचाकी घेतो आणि साहेब म्हणतात, "प्रवासी घटले, फेऱ्या कमी करा." फेऱ्या कमी केल्या की थांबणं आणखी वाढणार, हे सांगायला गणितज्ञ लागतो का?

नवीन गाड्या नंतर मागू. आधी एवढं करा. मार्गाच्या मधल्या एखाद्या मोठ्या थांब्यावर वेळ बघणारा माणूस बसवा. पुढची गाडी नुकतीच गेली असेल तर मागचीला चार-पाच मिनिटं रोखून अंतर राखा. आतल्या प्रवाशांचा थोडा वेळ जाईल, पण पुढच्या थांब्यांवरच्या कितीतरी जणांचा वाचेल. आणि महिन्याच्या अहवालात नुसत्या फेऱ्या नकोत, दोन गाड्यांमधलं प्रत्यक्ष अंतर छापा.

तोवर आपण एक करू. उद्या आपापल्या थांब्यावर तासभर गाड्यांच्या वेळा लिहा आणि खाली कमेंटमध्ये टाका. थांब्याचं नाव विसरू नका.