एकतीस महिने की साडेदहा?

नव्या स्टार्टअपच्या फाउंडरला रनवे विचारला की बहुतेकदा उत्तर लगेच मिळते. तीन महिन्यांत खात्यातली शिल्लक किती घटली ते पाहायचे, त्या घटीला तीनने भागायचे आणि आजच्या शिलकीला त्या आकड्याने भागायचे. भागाकार बरोबरच असतो. चूक असते ती भागाकारात घातलेल्या दोन्ही आकड्यांत, आणि आमच्या वाचकांतले लेखापाल व वित्तप्रमुख हिशोब त्यांच्यापर्यंत आला तरी ती अनेकदा खपवून घेतात.

व्यवसायांना सॉफ्टवेअर विकणारी एक काल्पनिक कंपनी घेऊ. १ जुलैला खात्यात ३ कोटी ४० लाख होते, ३० सप्टेंबरला ३ कोटी १० लाख. घट ३० लाखांची, म्हणजे महिन्याला १० लाख, आणि रनवे ३१ महिन्यांचा. मात्र सप्टेंबरअखेरीस एका ग्राहकाने वर्षभराचे शुल्क आगाऊ भरले होते. बिल ४० लाखांचे, त्यावर १८ टक्के जीएसटी ७ लाख २० हजार. ग्राहकाने १० टक्के टीडीएस, म्हणजे ४ लाख कापले आणि ४३ लाख २० हजार जमा केले.

ही रक्कम दर तिमाहीला येणार नाही, म्हणून बर्न काढताना ती वगळावी लागते. तसे केल्यावर तीन महिन्यांतली घट ७३ लाख २० हजार होते, म्हणजे महिन्याला २४ लाख ४० हजार. शिल्लकही तपासायला हवी. त्यातले ७ लाख २० हजार सरकारचे आहेत (इनपुट क्रेडिट सोयीसाठी बाजूला ठेवू), आणि सप्टेंबरच्या पगारावरचा टीडीएस व पीएफ मिळून २ लाख ८० हजार ऑक्टोबरमध्ये जायचे आहेत. हाताशी उरतात ३ कोटी. कापलेला ४ लाखांचा टीडीएस परतावा म्हणून मिळेलही, पण विवरणपत्र भरल्यानंतर, म्हणून तो या हिशोबात धरायचा नाही. रनवे आता जेमतेम १२ महिने.

इथे आणखी एक घोटाळा होतो. आगाऊ रकमेचे बारा भाग पाडून ते दरमहा उत्पन्न म्हणून बर्नमधून वजा केले जातात. नफातोट्याच्या पत्रकात ही विभागणी योग्यच आहे. रनवेच्या हिशोबात मात्र ती रक्कम शिलकीत आधीच बसलेली असते, त्यामुळे तेच पैसे दोनदा मोजले जातात.

हा झाला आजचा बर्न. जानेवारीपासून नवी भरती ठरलेली असेल आणि खर्च ३० लाखांवर जाणार असेल, तर डिसेंबरअखेर २ कोटी २७ लाखांच्या आसपास उरतील आणि ते ऑगस्टच्या मध्यावर संपतील. १ ऑक्टोबरपासून मोजले तर साडेदहा महिने.

आता ऑगस्टपासून मागे यायचे. वाटाघाटीत गुंतवणूकदाराला आपली घाई दिसू नये म्हणून तीन महिन्यांचा खर्च हाताशी असतानाच नवा पैसा वापरता यायला हवा, म्हणजे मेच्या मध्याला. वापरता येणे आणि खात्यात येणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. कंपनी कायदा २०१३च्या कलम ४२ नुसार प्रायव्हेट प्लेसमेंटची रक्कम स्वतंत्र खात्यात राहते, आणि समभागांचे वाटप होऊन पीएएस-३ दाखल होईपर्यंत तिला हात लावता येत नाही. टर्मशीटनंतरच्या ड्यू डिलिजन्सला आणि करारांना साधारण दोन महिने धरले, तर टर्मशीट मार्चच्या मध्याला हातात हवी. त्याआधीच्या भेटीगाठींना चार महिने. म्हणजे पहिली भेट नोव्हेंबरच्या मध्याला. एकतीस महिन्यांवर विसंबलेल्या फाउंडरने याच रीतीने मागे मोजले असते, तर पहिल्या भेटीच्या वेळी पैसे संपून जवळपास वर्ष झालेले असते.

नोव्हेंबरमध्ये दाखवायला काय असेल, हा खरा अवघड प्रश्न. जानेवारीत घेतलेला विक्री प्रतिनिधी मार्चपर्यंत क्वचितच काही विकतो. म्हणजे त्या भरतीमुळे रनवे आखूड होतो आणि या फेरीत तिचा उपयोगही होत नाही. आमच्या मते ती एक तर ऑक्टोबरमध्येच करावी, नाहीतर नवा पैसा येईपर्यंत थांबवावी. थांबवली तर पैसे पुढच्या ऑक्टोबरपर्यंत पुरतात, पहिली भेट जानेवारीत ढकलता येते आणि तोवर ऑक्टोबर-डिसेंबरच्या विक्रीचे आकडे हाती असतात. हे आकडे चांगले येण्याची आशा नसेल, तर वाट पाहण्यात अर्थ नाही.

महिनाअखेरच्या शिलकीवर हा हिशोब करू नका. टीडीएस ७ तारखेला, पीएफ १५ला आणि मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांचा जीएसटी २० तारखेला जातो. त्यामुळे २१ तारखेची शिल्लक बऱ्यापैकी आपली असते, आणि एका २१ तारखेपासून पुढच्या २१ तारखेपर्यंतची घट, आगाऊ रकमा वगळून, बर्न म्हणून धरता येते.