नावे एकीकडे, जमा एकीकडे

आपल्यापैकी अनेक तरुण आता सोसायटीच्या कमिटीत आहेत. ‘तुला एक्सेल येतं ना?’ असं म्हणून माझ्या गळ्यात खजिनदारकी पडली, तशी तुमच्याही पडेल. म्हणून माझी एक चूक सांगतो.

हजीरा रोडवरच्या आमच्या सोसायटीत २४ फ्लॅट आहेत आणि मेंटेनन्स महिना १२०० रुपये. जुलैत मी थकबाकीची यादी नोटीस बोर्डावर लावली. त्यात ३०२ नंबरच्या काकांच्या नावापुढे ७२०० रुपये होते. काका संध्याकाळी पावत्या घेऊनच आले. “अरे, मी तर जुलैपर्यंतचे भरलेत. चारचौघांत माझं नाव लावण्याआधी एकदा विचारायचं तरी!” त्यांचा एकही रुपया बाकी नव्हता.

आमच्या शीटमध्ये ‘रक्कम’ नावाचा एकच रकाना होता. आकारणी साधी लिहायची आणि भरणा आला की वजा चिन्ह लावून लिहायचा, अशी पद्धत. शेवटी सगळ्याची बेरीज, म्हणजे बाकी. काकांनी एप्रिलचे १२०० वेळेवर भरले. मग ड्युटीच्या धावपळीत मे राहिला, म्हणून जूनमध्ये मे, जून आणि जुलैचे मिळून ३६०० एकदम भरले. ते लिहिताना मी वजा चिन्ह विसरलो. त्यामुळे शीटमध्ये असं झालं:

```
1200 - 1200 + 1200 + 1200 + 3600 + 1200 = 7200
```

खरी बाकी शून्य, चूक ३६०० ची आणि फरक मात्र ७२०० चा. कारण ३६०० वजा व्हायचे राहिलेच, वर ते मिळवलेही गेले. चिन्ह चुकलं की फरक नेहमी दुप्पट पडतो. म्हणून ताळा जुळला नाही तर फरकाचा निम्मा करा आणि त्या रकमेची नोंद शोधा. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.

पण हा झाला तात्पुरता उपाय. खरा उपाय म्हणजे दोन रकाने. आमचे गुजराती शेजारी त्यांना उधार आणि जमा म्हणतात, आपण नावे आणि जमा. मी नवी शीट अशी केली: A मध्ये तारीख, B मध्ये फ्लॅट नंबर, C मध्ये तपशील, D मध्ये नावे, E मध्ये जमा. वजा चिन्ह कुठेच टाइप करायचं नाही. बाजूला G रकान्यात प्रत्येक फ्लॅटचा नंबर एकदाच लिहिला आणि H2 मध्ये हे सूत्र घालून खाली ओढलं:

```
=SUMIFS(D:D,B:B,G2)-SUMIFS(E:E,B:B,G2)
```

उत्तर वजा आलं, तर त्या घराचे पैसे आगाऊ जमा आहेत.

जुन्या नोंदी वाटताना एक पथ्य पाळा. वजा चिन्ह बघून ‘ही जमा, ही नावे’ असं ठरवू नका, कारण बिघडलंय ते चिन्हच. प्रत्येक भरणा पावती पुस्तकाशी आणि पासबुकाशी लावून बघा. मला त्यात दोन रविवार गेले. मागच्या वर्षीची बाकी १ एप्रिलच्या तारखेने ‘मागील बाकी’ म्हणून नावे रकान्यात घाला.

मग दोन ताळे घ्या. एप्रिल ते जुलै २४ घरांचे चार महिने, म्हणजे १,१५,२०० रुपये. त्यात मागील बाकी मिळवली की नावे रकान्याची बेरीज यायला हवी. जमा रकान्याची बेरीज बँकेत आलेला मेंटेनन्स आणि बँकेत न भरलेली रोख यांच्याइतकी हवी. एका रकान्याच्या बेरजेतून हे ताळे घेता येत नाहीत, कारण दोन्ही आकडे एकमेकांत विरघळलेले असतात.

चेक परत आला तर जमेची नोंद पुसू नका. तेवढीच रक्कम ‘चेक परत’ असा तपशील लिहून नावे रकान्यात घाला. मग दोन्ही ताळे घेताना ही रक्कम आधी वजा करा. अशाने काय घडलं ते पुढच्या खजिनदारालाही कळतं.

एक चूक मात्र दोन रकानेही पकडत नाहीत. ३०२ चे पैसे २०३ च्या नावावर चढले, तर दोन्ही ताळे बरोबरच येतात. ती फक्त घरमालकालाच दिसते. म्हणून आता दर तीन महिन्यांनी मी प्रत्येक घराला त्याचा उतारा व्हॉट्सॲपवर वेगळा पाठवतो आणि आठ दिवस थांबतो. यादी त्यानंतरच बोर्डावर लागते.

पहिला उतारा मी काकांना स्वतः नेऊन दिला आणि माफी मागितली. त्यांनी चष्मा लावून तो ओळ न् ओळ वाचला, खाली सही केली आणि म्हणाले, “आता बस, चहा घेऊन जा.”