स्त्रीला गुरू, पुरुषाला शुक्र : हा नियम नेमका कोणाचा?

आजचा धागा एका वाक्याविषयी आहे. ‘मुलीच्या पत्रिकेत पती गुरूवरून पाहावा, मुलाच्या पत्रिकेत पत्नी शुक्रावरून.’ विवाह जुळवणाऱ्या प्रत्येक घरात हे वाक्य ऋषिवचन म्हणून उच्चारले जाते. ग्रह फळ देतात की नाही, हा वाद मी येथे घेत नाही. माझा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थिनीचा आहे: हा नियम कोणत्या ग्रंथात आहे, कोणत्या ग्रंथात नाही, आणि त्याचा वापर ज्योतिषाच्या स्वतःच्या नियमांनुसार तरी होतो का?

निमित्त घरचेच आहे. माझी चुलतबहीण १९९७ च्या सप्टेंबरच्या उत्तरार्धात, पहाटे तीनच्या सुमारास, आमच्या लोणखेड्यात जन्मली. कर्क लग्न, सप्तमात मकरेचा गुरू, म्हणजे नीच, आणि त्यात वक्री. ‘पतिकारकच नीच, वक्री आणि पतिस्थानी, पतिसुख नाही,’ असे एका गृहस्थांनी लिहून दिले आणि जुळत आलेल्या स्थळाकडून पत्रिका परत आली. मग पुष्कराज, गुरुवारचे उपवास, पिवळे वस्त्रदान. तिच्या शिक्षणाविषयी, स्वभावाविषयी कोणी एक शब्द विचारला नाही.

प्रथम ‘कारक’ या शब्दाकडे पाहू. कारक म्हणजे करणारा, घडवून आणणारा. पण सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहज्जातकात या नावाने जो विषय येतो, तो वेगळाच आहे. स्वराशीत, उच्च राशीत वा मूलत्रिकोणात असलेले ग्रह परस्परांच्या केंद्रात असतील, तर ते एकमेकांचे कारक, असे तो सांगतो. सूर्य म्हणजे पिता, चंद्र म्हणजे माता अशी नात्यांची यादी लावणे हा कारक शब्दाचा दुसरा उपयोग. आपण एकच शब्द वापरतो, म्हणून एकच सिद्धांत असल्याचा भास होतो.

त्याच ग्रंथात स्त्रियांच्या पत्रिकांसाठी स्त्रीजातक नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. ‘स्त्रीला गुरू’ हे सूत्र आढळायला याहून योग्य जागा कोणती? तेथे पती सप्तम स्थानावरून पाहायला सांगितले आहे. सप्तमातील राशी किंवा नवांश ज्या ग्रहाचा, त्या ग्रहासारखा पती. गुरूचा असेल तर गुणी आणि संयमी, बुधाचा असेल तर विद्वान, शुक्राचा असेल तर देखणा. साती ग्रहांना पाळी आहे आणि गुरू त्यांतला एक आहे. पतीचा ठेका त्याच्याकडे दिलेला नाही.

पुढे मंत्रेश्वराच्या फलदीपिकेत बारा भावांचे कारक दिले आहेत. सप्तमाचा कारक शुक्र. मुलाची पत्रिका असो वा मुलीची, सप्तम स्थान विवाहाचे आणि त्याचा कारक शुक्र. त्या यादीत लिंगभेद नाही. म्हणजे ज्या ‘शास्त्रा’चा हवाला दिला जातो, त्याच्या एका मोठ्या प्रवाहानुसार माझ्या बहिणीचा विवाहकारक गुरू नव्हेच.

मग गुरू आला कोठून? ‘ही आधुनिक थाप आहे’ असे म्हणून मोकळे होणाऱ्यांशीही माझे भांडण आहे, कारण ते खरे नाही. जैमिनिसूत्रांच्या पहिल्याच पादात नात्यांची एक यादी येते. तेथे पितामह, पती आणि पुत्र यांची नावे घेऊन ते ‘गुरुमुखा’तून जाणावेत असे म्हटले आहे, त्यापुढे पत्नी, सासूसासरे इत्यादी ‘अंतेवासी’कडे सोपवले आहेत. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहणारा शिष्य. वारांच्या क्रमात गुरूला लागून शुक्र येतो, म्हणून अंतेवासी म्हणजे शुक्र. या वाचनाने पती गुरूकडे आणि पत्नी शुक्राकडे जाते. आपला प्रसिद्ध नियम हा असा.

पण सूत्र श्लेषात्मक आहे. ‘गुरुमुखातून’ याचा अर्थ ‘गुरूपासून आरंभ करून’ असाही होतो. तसे वाचले तर तिन्ही नाती एका गुरूला न देता क्रमाने वाटावी लागतात: पितामह गुरूला, पती शुक्राला, पुत्र शनीला. हे मी पदरचे सांगत नाही. बृहत्पाराशरहोराशास्त्र या नावाने छापल्या जाणाऱ्या ग्रंथाच्या प्रचलित आवृत्त्यांत कारकाध्यायात नेमकी हीच वाटणी आहे, आणि पत्नी तेथे केतूकडे जाते. नात्यांची यादी तीच, पण पती गुरूकडून शुक्राकडे सरकला. पराशर आणि जैमिनी यांची नावे एका दमात घेऊन ‘स्त्रीला गुरू’ म्हणणाऱ्यांनी दोघांची ही पाने शेजारी ठेवून पाहावीत.

शिवाय त्याच जैमिनीपद्धतीत विवाहासाठी मुख्यतः दारकारक पाहतात: पत्रिकेत ज्या ग्रहाचे राशीतील अंश सर्वांत कमी, तो. तो प्रत्येक पत्रिकेत वेगळा असू शकतो. गुरूच असावा, शुक्रच असावा असे काही नाही.

आता बहिणीची पत्रिका शास्त्राच्या चालीने वाचू. कोणत्याही विषयाचा निर्णय तीन गोष्टी मिळून करायचा असतो: भाव, भावाचा स्वामी आणि कारक. कारक हा तिसरा साक्षीदार. एकट्याच्या साक्षीवर निकाल देत नाहीत. भाव सप्तम, राशी मकर, तेथे गुरू. तो नीच आहे हे खरे. सप्तमाचा स्वामी शनी कोठे आहे? नवम स्थानी, मीनेत. मीन गुरूची राशी. म्हणजे गुरू शनीच्या घरात आणि शनी गुरूच्या घरात. याला परिवर्तनयोग म्हणतात आणि परंपरा तो बलवान मानते. येथे तो सप्तम आणि नवम, विवाह आणि भाग्य, या दोन स्थानांमध्ये झाला आहे. शनीकडे अष्टमाचे आणि गुरूकडे षष्ठाचे स्वामित्वही आहे, म्हणून चोख ज्योतिषी थोडा हात राखून बोलेल. तरीही ‘पतिसुख नाही’ हा निष्कर्ष यातून निघत नाही.

आणि शुक्र? तो चतुर्थात, तुळेत, स्वतःच्या राशीत. केंद्रातला स्वराशीचा शुक्र, ज्याला मालव्ययोग म्हणून गौरवतात. जैमिनीच्या एका वाचनाने हिचा पतिकारक नीच आहे, दुसऱ्या वाचनाने स्वगृही. एका शब्दाचा विग्रह कसा करावा यावर एका मुलीचे स्थळ मोडले आणि मोडणाऱ्याला तो विग्रह ठाऊकही नव्हता!

आणखी एक. गुरू एका राशीत सुमारे वर्षभर राहतो. १९९७ चे संपूर्ण वर्ष तो मकरेतच होता. त्या वर्षी जन्मलेल्या शहादा-लोणखेड्याच्याच नव्हे, जगातल्या प्रत्येक मुलीचा गुरू नीच आहे. शाळेचा सबंध वर्ग त्यात येतो. जो घटक वर्षभराच्या साऱ्या जन्मांना समान आहे, त्यावरून एकीचे वैवाहिक आयुष्य वर्तवणे हा कारकाचा सर्वांत भोंगळ वापर. शास्त्राने लग्न, भाव आणि भावेश यांची जोड दिली ती यासाठीच.

गुरूचे महत्त्व मराठी घरांत इतके घट्ट रुजले, त्यामागे माझ्या मते दुसरेच कारण आहे: गुरुबळ. ‘मुलीला गुरुबळ आहे का?’ हा प्रश्न मूळ पत्रिकेतील गुरूचा नव्हे. विवाहाच्या वेळी आकाशात चालणाऱ्या गुरूचा आहे. मुलीच्या जन्मराशीपासून तो चौथा, आठवा वा बारावा नसावा. उदाहरणार्थ, मे २०२४ पासून वर्षभर गुरू वृषभेत होता. कुंभेच्या मुलींना चौथा, तुळेच्या मुलींना आठवा, मिथुनेच्या मुलींना बारावा. हा मुहूर्ताचा नियम आहे, कारकाचा नव्हे. पण कानावर सतत ‘मुलगी’ आणि ‘गुरू’ ही जोडी पडली की दोन नियम एकमेकांत मिसळतात. मुहूर्तशास्त्रात या जोडीचा दुसरा पाय रवी आहे, शुक्र नव्हे: मुलीला गुरुबळ, मुलाला रविबळ, दोघांना चंद्रबळ.

या नियमाचे वय पाहा. काशीच्या राम दैवज्ञाने १६०० साली मुहूर्तचिंतामणी रचला. त्यात कन्येचा विवाह गुरुशुद्धी पाहून, वयाच्या सहा वर्षांनंतर सम वर्षी करावा असे सांगितले आहे. होय, सहा. नियमासमोरची मुलगी दुधाचे दात पडणारी होती. शारदा कायदा १९२९ मध्ये संमत झाला आणि मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरले, पुढे अठरा झाले. वयाची अट कालबाह्य म्हणून आपण निमूट सोडली. त्याच वाक्यातले गुरुबळ मात्र सनातन म्हणून ठेवले.

पती गुरूकडेच का गेला असावा, याचे माझे अनुमान मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायाकडे जाते. तेथे स्त्रीचा विवाह हेच तिचे उपनयन आणि पतिसेवा हाच गुरुगृहवास मानला आहे. ज्या समाजात पती हाच गुरू, तेथे गुरू हाच पती व्हायला किती वेळ? पुरुषाच्या पत्रिकेत जोडीदार म्हणजे शुक्र: सौंदर्य, भोग, वाहन, अलंकार. स्त्रीच्या पत्रिकेत जोडीदार म्हणजे शिकवणारा, वडीलधारा. ही खगोलाची रचना नव्हे, घराची आहे. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीनेही अशी जोडी लावली होती, पण त्याने पुरुषाची पत्नी चंद्रावरून आणि स्त्रीचा पती सूर्यावरून पाहिला. आकाश तेच, ग्रह निराळे.

आमच्या गावापासून सातपुड्याकडे थोडे वर गेले की भिल्ल आणि पावरा वस्त्या लागतात. तेथे परंपरेने विवाहाची बोलणी देजावर होतात, वराकडून वधूच्या घरी काय द्यायचे यावर. त्या बोलण्यांत गुरू नीच की उच्च याला जागा नसते.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘पतिकारक बिघडला’ म्हणाले, तर त्यांना तीनच प्रश्न विचारा: कोणता ग्रंथ, सप्तमेश कोठे आहे, आणि आपण जन्मीच्या गुरूविषयी बोलता की गोचरीच्या? आमच्या घरी आलेल्या गृहस्थांना मी दुसरा प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनी पत्रिका पुन्हा उघडली.

गुरू नोव्हेंबर २०२० मध्ये पुन्हा मकरेत आला, आणि मधले काही महिने वगळता नोव्हेंबर २०२१ पर्यंत तेथेच राहिला. त्या काळात जन्मलेल्या मुली आता शाळेत जाऊ लागल्या आहेत. त्यांच्या पत्रिका मांडून झाल्या आहेत.