दोन निळ्या खुणांनंतर

माझ्या मावसभावाचे येवल्यात पैठणीचे चार माग आहेत. गेल्या वर्षी १४ ऑगस्टला त्याने पुण्याच्या एका दुकानाला आठ साड्यांचं कोटेशन पाठवलं. लग्नाची ऑर्डर, माल १५ नोव्हेंबरपर्यंत हवा. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन निळ्या खुणा उमटल्या आणि पुढे काहीच नाही. दहाव्या दिवशी तो माझ्याकडे आला, कारण घरात ‘लिहिणारा’ मी. मजकूर त्याने आणलाच होता: ‘मॅडम, कोटेशनचं काय झालं? रेटमध्ये कमी-जास्त करायचं असेल तर सांगा.’

‘रेट जास्त आहे असं त्या म्हणाल्या का?’ मी विचारलं.

‘नाही. पण बोलतच नाहीत म्हणजे...’

इथेच सगळे फसतात. तगादा उधारीचा करायचा असतो. कोटेशन म्हणजे उधारी नव्हे, समोरच्याने आपलं अजून काहीच घेतलेलं नाही. ‘काय झालं?’ असं विचारलं की त्याच्याकडे येणं थकलंय असा सूर लागतो. आणि न मागता भाव उतरवायची तयारी दाखवली की आधीचा भाव फुगवलेला होता हे आपणच कबूल केलं. एकाच निरोपात दरडावणंही झालं आणि हात जोडणंही.

मी म्हटलं, आपण मॅडमना सोडू, मागाला विचारू. कागद घेऊन बसलो. चार मागांवर दोन-दोन साड्या. मॅडमनी मागितलेली नक्षी त्याच्या विणकरांच्या हातून पंचवीस दिवसांत उतरते, म्हणजे पन्नास दिवस. रेशीम रंगवायचं, ताणा तयार करायचा, मागावरच्या जुन्या ताण्याच्या टोकांना नवे धागे एकेक करून जोडायचे, यात बारा दिवस. दसरा-दिवाळीचे नऊ. झाले एकाहत्तर. १५ नोव्हेंबरपासून मागे मोजलं की ५ सप्टेंबर येतो. त्या दिवशी रेशीम रंगायला गेलं नाही, तर माल वेळेवर पोचणार नाही. ही तारीख मॅडमना ठाऊक असायचं कारणच नव्हतं. कोटेशनवर ती कुठेच नव्हती.

दुसरी गोष्ट भावाला माहीत होती, पण निरोपात घालावी असं त्याला सुचलं नव्हतं. साडीच्या अंगाचा रंग ताण्यापासून ठरतो आणि एकदा ताणा चढला की मध्येच बदलता येत नाही. पदरावर मोर हवेत की मुनिया, हे मात्र माग सुरू होईपर्यंत सांगितलं तरी चालतं. म्हणजे मॅडमनी आत्ता सगळी ऑर्डर पक्की करायची गरज नव्हती. फक्त रंग हवे होते.

मग असं लिहिलं: ‘नमस्कार मॅडम. १४ तारखेच्या कोटेशनबद्दल. १५ नोव्हेंबरला साड्या पोचवायच्या तर रेशीम ५ सप्टेंबरला रंगायला टाकावं लागेल. तोवर फक्त अंगाचे रंग कळले तरी पुरे, पदराचं नंतर ठरवू. यंदा जमत नसेल तर तसंही मोकळेपणाने कळवा, म्हणजे माग दुसऱ्या कामाला लावतो.’

शेवटच्या वाक्यावर भाऊ अडला. ‘नाही म्हणायची वाट आपणच दाखवायची?’ दाखवायची. नकार देणं अवघड जातं म्हणूनच बरीच माणसं गप्प बसतात.

संध्याकाळी उत्तर आलं. आठपैकी पाच जणींचे रंग ठरले होते, तिघींचं घरात चाललं होतं. दराचा विषयच नव्हता. भावाने आणलेला निरोप तसाच गेला असता, तर तो कुणी न मागितलेली सूट देऊन बसला असता.

तिघींसाठी त्याने ३ सप्टेंबरला एकदाच फोन केला, सकाळी अकराला, दुकानात गिऱ्हाईक जमायच्या आत. ‘आज कळवते’ म्हणाल्या, कळवलं नाही. ६ तारखेला त्याने लिहिलं की पाच साड्या तीन मागांवर घेतल्या आहेत, चौथा नाशिकच्या ऑर्डरला दिला. आणि खरंच दिला. ‘दोन दिवसांत रेशीम महागणार’ असं सांगून महिनाभर त्याच भावाने विकणारेही आहेत. पण येवल्यात गिऱ्हाईक एका दुकानातून उठून शेजारच्या दुकानात बसतं, ही थाप तिथपर्यंतही टिकत नाही.

ऑक्टोबरात मॅडमचा फोन आला: उरलेल्यांपैकी दोन हव्यात. भाऊ म्हणाला, आता जानेवारी. थोडं थांबून त्या म्हणाल्या, जानेवारी तर जानेवारी, भाव तोच ना?

‘आता नवीन कोटेशन पाठवतो,’ तो म्हणाला, ‘तारीख घालून.’