परतून आलेला टोमणा

रोस्ट म्हणजे ज्याचा सत्कार करायचा त्यालाच समोर बसवून त्याची यथेच्छ खिल्ली उडवायची, आणि त्यानेही ती हसत ऐकायची. न्यूयॉर्कच्या फ्रायर्स क्लबात कलावंतांनी हा प्रकार रुजवला, पुढे टीव्हीने तो घराघरांत नेला आणि आता आपल्याकडेही कॉलेजच्या गॅदरिंगपासून हळदीच्या रात्रीपर्यंत लोक हौसेने 'रोस्ट' करू लागलेत. यातले बरेचसे रोस्ट मला कंटाळवाणे वाटतात. शिवराळपणाची तक्रार बरेच जण करतात, माझी तक्रार वेगळी आहे. वक्ता एकामागून एक टोमणे फेकत जातो आणि एकही टोमणा परत येत नाही. जे परत येतं त्यालाच सर्वात मोठा हशा मिळतो, हे कोणत्याही चांगल्या रोस्टमध्ये दिसेल. विनोदवीर त्याला कॉलबॅक म्हणतात.

पण कॉलबॅक म्हणजे तोच विनोद पुन्हा सांगणं नव्हे. मुशायऱ्यात एखादा शेर आवडला की आपण 'मुकर्रर' म्हणतो आणि शायर तोच शेर पुन्हा म्हणतो. विनोदात 'मुकर्रर' चालत नाही. तोच विनोद दुसऱ्यांदा सांगितला तर पहिल्याच्या निम्मंही कोणी हसत नाही. कॉलबॅकचं नातं आहे ते गझलेच्या रदीफशी. रदीफचे शब्द प्रत्येक शेरात तेच असतात, पण आधीच्या ओळीने त्यांचा अर्थ बदललेला असतो. दोन-तीन शेर झाले की श्रोत्यांना रदीफ पाठ होतो. शायर काफियापर्यंत येऊन क्षणभर थांबला की पुढचे शब्द सभागृहच म्हणून टाकतं. त्या क्षणी दाद देणाऱ्याला वाटतं की शेर आपणही थोडासा पूर्ण केला. कॉलबॅकच्या हशाचं मूळ याच वाटण्यात आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका शाळेत हेडमास्तरांचा निरोप समारंभ आहे आणि एका शिक्षकाला पाच मिनिटं बोलायचंय. तो सुरुवात करतो: 'सरांचं घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे असतं. त्यामुळे तीस वर्षांत सर एकदाही उशिरा आले नाहीत. उशिरा आलो ते आम्ही सगळे.' लोक हसतात, सरही मनगटाकडे बघून हसतात. शिक्षक घड्याळ तिथेच सोडतो आणि खडूकडे वळतो: 'सर खडू इतका जपून वापरायचे की वाक्य फळ्यावर सुरू व्हायचं आणि मुलांनी ते घरी जाऊन पूर्ण करायचं.' मग सरांच्या सह्यांबद्दल, स्कूटरबद्दल दोन-तीन गोष्टी होतात. घड्याळ आता कोणाच्या डोक्यात नाही. शेवटी तो म्हणतो: 'आता पाच वाजायला पाच मिनिटं कमी आहेत. पाच वाजता सर निवृत्त होतील. सरकारच्या हिशोबाने ते अजून हेडमास्तर आहेत. पण त्यांच्या स्वतःच्या घड्याळाप्रमाणे ते पाच मिनिटांपूर्वीच निवृत्त झालेत. मग या खुर्चीत बसलेले गृहस्थ कोण?'

इथे सभागृह पहिल्यापेक्षा जास्त हसेल. याला मला तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण म्हणजे तयारीचा खर्च वाचतो. पहिल्या टोमण्यात घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं ही माहिती आधी द्यावी लागली. माहिती ऐकताना कोणी हसत नसतं, वाट बघत असतं. दुसऱ्या वेळी माहिती श्रोत्याकडे आधीच आहे. 'त्यांच्या स्वतःच्या घड्याळाप्रमाणे' एवढे शब्द आले की बाकीचं तो स्वतः जोडतो. अर्धं काम श्रोत्याने केलेलं असतं, म्हणून हशात थोडी त्याच्या हुशारीचीही दाद असते.

दुसरं कारण आहे सोबतीचं. घड्याळाची गंमत आता या खोलीची आहे. पाच मिनिटांपूर्वी जे इथे होते त्यांनाच ती कळते. नुकताच आत आलेला माणूस शेजाऱ्याला विचारेल, 'काय झालं?' बाकी सगळे एका टोळीत सामील झालेले असतात, आणि आपल्या टोळीत माणूस मोकळेपणाने हसतो.

तिसरं कारण खास रोस्टचं आहे. रोस्टमध्ये प्रत्येक टोमण्याबरोबर एक धाकधूक असते: हे बोलावं का? त्यांना लागेल का? पहिल्या वेळी श्रोते विनोद ऐकतात आणि तिरक्या नजरेने सरांचा चेहराही बघतात. सर हसले की परवानगी मिळाली. तोच विषय परत येतो तेव्हा ती परवानगी आधीच हातात असते, त्यामुळे कोणी चेहरा बघत बसत नाही. पहिल्या वेळी दाबून धरलेला हशाही दुसऱ्या वेळी सुटतो.

यावरून कॉलबॅक कुठे फसतो तेही कळतं. पहिल्या टोमण्याला हशा नसेल तर परत जायला काही नसतं. पडलेला विनोद परत आणणं म्हणजे पाहुण्यांसमोर शिळी भाजी गरम करून ठेवणं. पहिल्या टोमण्यानंतर लगेच दुसऱ्या वाक्यात घड्याळ आणलं तर तो कॉलबॅक होत नाही, त्याच विनोदाला लावलेली शेपटी होते. विनोदवीर तिला टॅग म्हणतात. ती हसवते, पण तिच्यात आश्चर्य नसतं. विसर पडायला मधे दोन-चार वेगळे विषय जाऊ द्यावे लागतात. फार उशीर झाला तर घड्याळ आठवतच नाही, आणि मग वक्ता 'मी मघाशी म्हणालो ना, सरांचं घड्याळ…' असं समजावू लागतो. श्रोत्याचं काम वक्त्याने केलं की हशा गेला. आणि परतताना काहीतरी बदललं पाहिजे. पहिल्या वेळी घड्याळामुळे शिक्षक उशिरा ठरत होते, दुसऱ्या वेळी सरच खुर्चीतून उठले. बदल नसेल तर उरते फक्त पुनरुक्ती.

मला खरं बोलायचंय ते या पुनरुक्तीबद्दलच.

सप्टेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या कॉमेडी सेंट्रल वाहिनीवर अभिनेता जेम्स फ्रँको याचा रोस्ट झाला. सूत्रधार होता सेथ रोगन. फ्रँकोचे मिचमिचे डोळे दिसताहेत आणि त्याच्या पदव्यांची यादी माहीत आहे, म्हटल्यावर त्या रात्री ते दोन्ही विषय पुन्हा पुन्हा येणारच होते. वक्त्यांमध्ये अझीझ अन्सारी होता. जन्माने अमेरिकन, आईवडील तमिळनाडूतून गेलेले, तमिळ मुस्लिम कुटुंब. रोस्टमध्ये व्यासपीठावरचे वक्ते एकमेकांनाही सोडत नाहीत. त्यामुळे इतरांनी अझीझवरही टोमणे मारले, आणि त्यातले बरेचसे त्याच्या भारतीय असण्यावर होते. तीच ठराविक दुकानं, तीच ठराविक छबी.

अझीझची पाळी आली तेव्हा त्याने हे सगळे टोमणे परत आणले. त्याच्या बोलण्याचा सारांश असा: २०१३ साली तुम्ही अजून हेच विनोद करताय? तुमचा विनोद इतका जुना झालाय? आणि मग त्याने आपल्या सहकाऱ्यांनाच त्यांच्या शिळेपणावरून धारेवर धरलं. सभागृह जोरात हसलं. ज्यांनी टोमणे मारले होते तेच आता थट्टेचे विषय झाले होते.

मला ही त्या रात्रीची सर्वात सफाईदार चाल वाटते, कारण तंत्राच्या दृष्टीने तो शुद्ध कॉलबॅक होता. सेटअप त्याला स्वतः द्यावा लागला नाही, तो बाकीच्यांनी रात्रभर दिला होता. श्रोत्यांनी ते टोमणे ऐकले होते, त्यावर हसलेही होते. परतताना दिशा बदलली: बाण तेच, पण धनुष्याचं तोंड फिरलेलं. ज्या गोष्टी त्याच्यावर ओझं म्हणून टाकल्या होत्या, त्यांचीच त्याने शिदोरी केली.

आता आधीच्या वक्त्यांनी काय केलं होतं ते बघा. त्यांच्या टोमण्यांना हशा मिळाला तो कुठल्या तयारीवर? अझीझ या माणसाबद्दल त्यांनी खोलीत काहीच उभं केलं नव्हतं. श्रोत्यांच्या डोक्यात वर्षानुवर्षं सांडलेल्या एका छबीला त्यांनी फक्त हाक मारली. समाजावरचा ठोकळेबाज विनोद कॉलबॅकची नक्कल करतो. तोही आधीच माहीत असलेल्या गोष्टीकडे परत जातो, तोही तयारीचा खर्च वाचवतो, तोही टोळीची ऊब देतो. फरक इतकाच की त्याची आठवण खोलीत तयार झालेली नसते, ती बाहेरून उधार आणलेली असते. आणि ज्याच्यावर विनोद आहे त्याने तिला कधी परवानगी दिलेली नसते.

मराठी मुस्लिम वाचकाला हे वेगळं समजावायची गरज नाही. ऑफिसच्या पार्टीत आपली पाळी आली की बिर्याणी येते, पंक्चरचं दुकान येतं, चार लग्नं येतात. सांगणारा म्हणतो, 'अरे, मजाक आहे, मनाला लावून घेऊ नकोस.' लागतं म्हणून मी तक्रार करत नाही. माझी तक्रार कारागिरीची आहे. दहा वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेल्या माणसाकडे घड्याळ नव्हतं? खडू नव्हता? चहाचा कप धुवायची त्याची विचित्र पद्धत नव्हती? ज्याने ते पाहिलंच नाही, त्याच्याकडे परत आणण्यासारखं काही नसतं. हेडमास्तरांच्या घड्याळावर हसताना सभागृह त्यांना ओळखत होतं. बिर्याणीवर हसताना समोर कोण बसलंय याने काहीच फरक पडत नाही, तिथे कोणताही खान-शेख चालतो.

'पण रोस्ट म्हणजे बोचणारच,' असं कोणी म्हणेल. मान्य आहे, आणि बोचावंच. माणसाच्या धर्मावर, गावावर, जातीवर बोलूच नये असाही माझा आग्रह नाही. ज्याने स्वतःच तो विषय व्यासपीठावर आणलाय त्याच्याबाबतीत तर बिनधास्त बोला. फक्त तो विषय त्या माणसाच्या स्वतःच्या एखाद्या गोष्टीला चिकटलेला असू द्या. मग तो परत आणता येतो, वळवता येतो.

एक मर्यादाही सांगायला हवी. कॉलबॅक खोलीत जन्मतो आणि बहुतेक वेळा खोलीतच संपतो. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईत वरळीला एआयबी नॉकआउट हा रोस्ट झाला आणि जानेवारी २०१५ मध्ये तो यूट्यूबवर आला. थोड्याच दिवसांत तक्रारी झाल्या आणि व्हिडिओ काढून घेतला गेला. तो कार्यक्रम चांगला होता की वाईट, हा वाद इथे नको. पण फोनवर फिरणाऱ्या तीस सेकंदांच्या तुकड्यात रोस्टचं काय होतं ते लक्षात घ्या. मघाशी कोणी काय म्हटलं होतं ते नाही, समोरच्याने हसून दिलेली परवानगी नाही. उरतो तो फक्त टोमणा. कॉलबॅक तिथे कळतच नाही, आणि ठोकळेबाज विनोद मात्र अगदी सुखरूप पोचतो, कारण त्याला खोलीची गरज कधीच नव्हती.

म्हणून पुढच्या वेळी कोणाच्या निरोपाला किंवा हळदीला माईक हातात आला, तर टोमण्यांची यादी करण्याआधी त्या माणसाची एक सवय शोधा, जी फक्त त्याचीच आहे. ती सुरुवातीला सांगा, सोडून द्या आणि शेवटी वळवून परत आणा. हेडमास्तरांना शाल-श्रीफळ देताना सोबत एक अख्खा, न वापरलेला खडू दिलात, तर एक शब्दही बोलावा लागणार नाही.